महिन्याचे दिवस बदलतात, तासाचा भाव का बदलावा?

कोल्हापूर परिसरातल्या कारखान्यांच्या टाइम ऑफिसांत आणि पगार विभागांत काम करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांस, तसेच त्यांनी केलेल्या पगारपत्रकावर सही करणाऱ्या मालक-व्यवस्थापकांस,

सप्रेम नमस्कार.

शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीच्या टाइम ऑफिसात मी एकोणतीस वर्षं काढली. मस्टर, पंचिंग, रजेचे अर्ज, ओव्हरटाइमच्या स्लिपा आणि महिनाअखेरीला पगारपत्रक, हेच माझं काम. निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. हे पत्र एकाच भागाकाराबद्दल आहे. महिन्याला ठरलेल्या पगारावरून ओव्हरटाइमच्या एका तासाचा दर काढताना आपण पगाराला कशाने भागतो, एवढाच प्रश्न. मी स्वतः कितीतरी वर्षं चुकीच्या आकड्याने भागत होतो. माझ्या टेबलासमोर उभं राहून एका कामगाराने विचारलं, तेव्हा ते माझ्या लक्षात आलं.

तो फेटलिंगमध्ये होता. मार्चच्या पगारवाटपाला तो दोन स्लिपा घेऊन आला, एक जानेवारीची आणि एक फेब्रुवारीची. दोन्ही महिन्यांत एकही खाडा नव्हता आणि दोन्ही महिन्यांत ओटी सोळाच तासांची होती, आठ दिवस शिफ्टनंतर दोन-दोन तास. समजायला सोपं जावं म्हणून त्याचा महिन्याचा पगार इथे २०,८०० रुपये धरतो. त्यात बेसिक, महागाई भत्ता आणि बाकीचे नेहमीचे भत्ते आले. जानेवारीत ओटीचे २,६८३ रुपये ८७ पैसे निघाले होते आणि फेब्रुवारीत २,९७१ रुपये ४३ पैसे. त्याने शांतपणे विचारलं, "साहेब, काम तेच, तास तेवढेच. मग जानेवारीत माझा तास स्वस्त का झाला?"

मी त्याला सांगितलं की फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचा असतो, म्हणून दिवसाचा पगार जास्त पडतो. तो मान हलवून गेला. मला मात्र त्या रात्री माझंच उत्तर पटेना. महिन्यात दिवस किती आहेत याचा फेटलिंगच्या ग्राइंडरवर घालवलेल्या एका तासाशी काय संबंध?

दुसऱ्या दिवशी शीट उघडली. वेतन सल्लागाराकडून आमच्याकडे आलेल्या एक्सेलमध्ये वरच्या एका खान्यात महिन्याची तारीख टाकायची आणि बाकी सगळं आपोआप यायचं. ओटीच्या रकान्यातलं सूत्र असं होतं:

```
=ROUND(C2/DAY(EOMONTH($B$1,0))/8*2*H2, 2)
```

C2 मध्ये महिन्याचा पगार, B1 मध्ये तारीख, H2 मध्ये ओटीचे तास. मधला तुकडा त्या महिन्याचे दिवस मोजतो: जानेवारीला ३१, फेब्रुवारीला २८. मग आठने भागून तासाचा दर आणि दोनने गुणून दुप्पट. म्हणजे जानेवारीत पगाराला ३१ गुणिले ८, अर्थात २४८ तासांनी भागलं जात होतं आणि फेब्रुवारीत २२४ तासांनी. त्यामुळे दुप्पट दर जानेवारीत १६७ रुपये ७४ पैसे आणि फेब्रुवारीत १८५ रुपये ७१ पैसे.

आता माझा तुम्हाला प्रश्न आहे. जानेवारीच्या महिन्यात आपल्या कोणत्या कामगाराने नेहमीच्या कामाचे २४८ तास भरले? एकानेही नाही. तसं व्हायचं तर त्याला एकही साप्ताहिक सुट्टी न घेता एकतीसही दिवस आठ तास काम करावं लागेल. २०२५ चा जानेवारी घ्या. त्यात चार रविवार होते, म्हणजे कामाचे दिवस सत्तावीस आणि तास २१६. त्या २१६ तासांचा मोबदला म्हणून आपण २०,८०० रुपये दिले. पण तासाचा दर काढताना कामगाराने आणखी बत्तीस तास काम केलं असं धरलं. हे बत्तीस तास रविवारचे. त्या दिवशी कारखाना बंद होता आणि तो घरी होता.

ही चूक कुठून शिरते ते मी बरेच दिवस शोधत होतो, कारण शीट बनवणारा माणूस काही अडाणी नव्हता. पगारपत्रकात महिन्याच्या दिवसांनी भागणं एका ठिकाणी अगदी बरोबर आहे, तिथूनच ते ओटीच्या रकान्यात आलं. महिन्याचा पगार काढताना आपण "देय दिवस" धरतो आणि त्यात हजेरीचे दिवस, साप्ताहिक सुट्ट्या, सणाच्या पगारी सुट्ट्या, मंजूर रजा असं सगळं येतं. पूर्ण हजेरी असेल तर जानेवारीला ३१ भागिले ३१ आणि फेब्रुवारीला २८ भागिले २८, दोन्हीकडे पूर्ण पगार. इथे वरच्या आकड्यात रविवार आहे आणि खालच्या आकड्यातही आहे, म्हणून हिशोब जुळतो. ओटीच्या रकान्यात मात्र वर फक्त प्रत्यक्ष कामाचे तास आहेत आणि खाली रविवारसुद्धा. वर एक माप, खाली दुसरं माप. भागाकार बरोबर असूनही उत्तर चुकतं ते त्यामुळेच, आणि ते नेहमी एकाच बाजूला चुकतं.

किती चुकतं ते वर्षाच्या हिशोबात पाहा. बारा महिने दरमहा सोळा तास ओटी झाली, तर वरच्या सूत्राने वर्षाचे सुमारे ३२,८५२ रुपये होतात. तासाचा साधा दर १०० रुपये आणि दुप्पट २०० धरला, तर १९२ तासांचे ३८,४०० होतात. एका माणसामागे वर्षाला साडेपाच हजारांचा फरक. हा १०० रुपयांचा दर कुठून आला, ते आता सांगतो.

आठवड्याला सहा दिवस, दिवसाला आठ तास, म्हणजे आठवड्याला ४८ तास. कारखाने अधिनियम, १९४८ ने आठवड्याची हीच कमाल मर्यादा घातली होती. वर्षात ३६५ दिवस, म्हणजे ५२ आठवडे आणि वर एक दिवस. ४८ ला ५२.१४ ने गुणून बाराने भागलं की महिन्याला सरासरी २०८.५७ तास येतात. दिवसांत मोजलं तर महिन्याला २६.०७ कामाचे दिवस. आपण सगळे जो "सव्वीस" म्हणतो तो इथून येतो. कुणीतरी सोयीसाठी ठरवलेला तो आकडा नाही. सहा दिवसांच्या आठवड्याची ती वर्षभराची सरासरी आहे, दशांश सोडून दिलेली. २६ गुणिले ८ म्हणजे २०८ तास, आणि २०,८०० भागिले २०८ म्हणजे तासाला १०० रुपये.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, कायद्यात २०८ कुठे लिहिलंय? ओटीच्या कलमात नाही, हे मी आधीच मान्य करतो. कारखाने अधिनियमाचं कलम ५९ एवढंच सांगायचं की दिवसाला नऊ किंवा आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त काम झालं, तर त्या जादा कामाचं वेतन नेहमीच्या दराच्या दुप्पट द्यायचं. नेहमीच्या दरात मूळ वेतन आणि भत्ते धरायचे, बोनस आणि ओटीचे पैसे धरायचे नाहीत, हेही तिथे होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही दुपटीचा नियम कायम आहे. वेतनाची व्याख्या मात्र तिथे बदलली आहे आणि कोणते भत्ते आत, कोणते बाहेर, यावर वेगळं पत्र लिहावं लागेल. पण महिन्याच्या पगारावरून तासाचा दर काढायला कशाने भागायचं, हे कलम ५९ सांगत नव्हतं. म्हणूनच प्रत्येक ऑफिसात वेगळा आकडा चालतो.

तरी कायद्याने आपल्याला अगदीच अंधारात सोडलेलं नाही. वेतन प्रदान अधिनियम, १९३६ चं कलम ९ खाड्याच्या कपातीबद्दल होतं. एका खाड्यापोटी पगाराचा किती हिस्सा कापता येईल, याची कमाल मर्यादा ते सांगायचं. गैरहजर राहिलेल्या काळाची तुलना कशाशी करायची? तर त्या वेतनकाळात नोकरीच्या अटींनुसार ज्या काळात काम करणं त्याला बंधनकारक होतं, त्या काळाशी. महिन्याच्या एकूण दिवसांशी नव्हे. सव्वीस दिवस काम करणं बंधनकारक असेल आणि एक दिवस खाडा असेल, तर सव्वीसाव्या हिश्शापर्यंत कपात चालते. अनेक कारखाने तशीच कपात करतात आणि त्यात गैर काही नाही. म्हणजे पैसे कापताना पगार हा कामाच्या दिवसांचा असतो, हे आपण सगळे मानतो.

मग तोच पगार ओटी देताना एकतीस दिवसांचा कसा होतो? मी असं एक पगारपत्रक पाहिलं आहे, त्यात खाडा सव्वीसने कापलेला आणि ओटी एकतीसने दिलेली, एकाच माणसाच्या एकाच ओळीत. आपल्या २०,८०० च्या माणसाने मंगळवारी खाडा केला तर त्याचे ८०० रुपये जातात. त्याच्या आठ तासांची किंमत कापताना ८०० आहे. त्याच महिन्यात त्याने आठ तास जादा काम केलं, तर दुपटीचा हिशोब करण्याआधी त्याच आठ तासांची साधी किंमत ६७० रुपये ९७ पैसे धरली जाते. आठ तास तेच, माणूस तोच, महिनाही तोच. कोणत्याही कारणाने हे समर्थनीय नाही, आणि मी हे ठामपणे लिहितो आहे.

उपदानाचं, म्हणजे ग्रॅच्युइटीचं उदाहरण तुम्हाला माहीत असेलच. वर्षाला पंधरा दिवसांचं वेतन द्यायचं, पण महिन्याच्या पगारावरून पंधरा दिवसांचं वेतन काढायचं कसं, हा वाद जामनगरच्या दिग्विजय वूलन मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मिलचं म्हणणं होतं की पंधरा दिवस म्हणजे अर्धा महिना, तेव्हा अर्धा पगार पुरे. १९८० मध्ये न्यायालयाने ते अमान्य केलं आणि सव्वीसने भागून पंधराने गुणण्याची पद्धत योग्य ठरवली. महिन्याचा पगार कामगार सव्वीस कामाच्या दिवसांत मिळवतो, हा त्यामागचा विचार. पुढे १९८७ च्या दुरुस्तीने हा सव्वीसचा भागाकार उपदान कायद्यातच स्पष्टीकरण म्हणून लिहिला गेला. तो निकाल ओटीचा नाही, आणि त्याला ओटीचा निकाल म्हणून कुणी पुढे करू नये. पण महिन्याचा पगार आणि कामाचा दिवस यांचं नातं काय, हा प्रश्न तोच आहे.

आणखी जवळचं उदाहरण आपल्या भिंतीवर टांगलेलं असायचं. महाराष्ट्र शासनाच्या किमान वेतनाच्या अधिसूचना आपण टाइम ऑफिसबाहेर लावत आलो आहोत. त्यांत महिन्याच्या दराला २६ ने भागून दिवसाचा दर काढायचा असतो आणि अर्धवेळ कामगाराचा ताशी दर काढायला दिवसाच्या दराला ८ ने भागून त्यावर १५ टक्के वाढ द्यायची असते. वेतन संहितेखाली केंद्राने २०२० मध्ये जे मसुदा नियम काढले, त्यांतही दिवसाच्या दराचा तास करायला आठने भागाकार आणि महिना करायला सव्वीसने गुणाकार आहे. किमान वेतनाचा माणूस असो की त्याच्या वरच्या पगाराचा, महिना, दिवस आणि तास यांचं प्रमाण बदलायचं काही कारण मला दिसत नाही.

आता तुमच्यातल्या जाणकारांचा एक आक्षेप. काही कारखान्यांत ३० किंवा ३१ ने नव्हे, तर त्या महिन्याच्या प्रत्यक्ष कामाच्या दिवसांनी भागतात. या पद्धतीत वर आणि खाली माप एकच आहे, त्यामुळे हिला मी चूक म्हणणार नाही. पण महिन्याचे दिवस बदलले की दर बदलतो, हा त्रास इथे उलट जास्त वाढतो. २०२५ मध्ये फेब्रुवारीत कामाचे दिवस २४ होते, म्हणजे १९२ तास, आणि दुप्पट दर २१६ रुपये ६७ पैसे. जुलैत २७ दिवस, २१६ तास, दर १९२ रुपये ५९ पैसे. एका तासामागे चोवीस रुपयांचा फरक, केवळ कॅलेंडरमुळे. शिवाय सणाच्या पगारी सुट्ट्या कामाच्या दिवसांतून वजा करायच्या की नाही, यावर दर दिवाळीला नवा वाद. ज्या खात्यात ऑर्डरचा रेटा जानेवारीत असतो, तिथल्या माणसाला वर्षभर तोटा, आणि जिथे तो फेब्रुवारीत असतो तिथल्याला फायदा. दोघांनीही काही केलेलं नसतं.

वर्षभराची बेरीज केली तर ही पद्धत २०८ च्या अगदी जवळ येते. २०२५ मध्ये ५२ रविवार होते, कामाचे दिवस ३१३, तास २,५०४, महिन्याला सरासरी २०८.६७. म्हणून मी कायमच्या २०८ च्या बाजूने आहे. वर्षभरात कुणाचंच फारसं नुकसान नाही, आणि दर जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत तोच. कामगाराला तो तोंडपाठ होतो. "माझा तास दोनशेचा" असं त्याला सांगता येतं, घरी हिशोब लावता येतो. एक गोष्ट मात्र पाळायची. प्रत्यक्ष दिवसांच्या पद्धतीवरून २०८ वर यायचं असेल, तर फेब्रुवारीत येऊ नका. त्या महिन्यात कामगाराला थेट तोटा दिसेल आणि पुढचं बोलणंच होणार नाही. सत्तावीस दिवसांच्या महिन्यात बदल करा, आधी सांगून करा.

२०८ हा आकडाही आंधळेपणाने लावू नका. तो आठवड्याच्या ४८ तासांचा आहे. तुमच्या ऑफिसच्या लोकांना पाच दिवसांचा आठवडा असेल आणि नोकरीच्या अटीत आठवड्याचे ४० तास असतील, तर त्यांचे महिन्याचे तास १७३.८ येतील, ४५ असतील तर १९५.५. आठवड्याचे ठरलेले तास गुणिले ३६५ भागिले ७ भागिले १२, एवढं सूत्र लक्षात ठेवलं की पुरे. आणि जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी कामाच्या तासांत धरू नका. साडेआठ तास गेटच्या आत असलेल्या माणसाचं काम आठ तासांचं असतं. साडेआठने भागणारी शीटही मी पाहिली आहे. तिने महिना २२१ तासांचा केला होता.

भाजक दुरुस्त केल्यावर मला दुसरी चूक सापडली, आणि ती जास्त लपलेली होती. काही महिने सूत्रातल्या C2 मध्ये ठरलेला पगार येतच नव्हता. कुणीतरी रकाना सरकवताना तिथे "मिळालेला पगार" जोडला होता, म्हणजे खाडे वजा झाल्यानंतरचा. एखाद्याचे दोन खाडे झाले की त्याचा पगार १९,२०० दिसायचा, आणि मग ओटीचा दर २०० ऐवजी १८४ रुपये ६२ पैसे निघायचा. खाड्याचे १,६०० रुपये त्याच्याकडून एकदा कापले होते. ओटीच्या प्रत्येक तासामागे पंधरा रुपये अडतीस पैसे पुन्हा कापले जात होते, आणि सोळा तासांचे ते जवळजवळ २४६ रुपये होतात. खाडा केला म्हणून ज्या तासाला तो हजर होता त्या तासाचा भाव कमी होत नाही. दर नेहमी पूर्ण महिन्याच्या ठरलेल्या पगारावरूनच काढायचा.

खाड्याचा ओटीशी खरा संबंध एकाच ठिकाणी यायचा. एखाद्या आठवड्यात माणसाचा खाडा असेल आणि त्याचे एकूण तास अठ्ठेचाळीसच्या वर गेले नसतील, तर शिफ्टनंतरचा नववा तास कारखाने अधिनियमाप्रमाणे दुपटीचा ठरत नव्हता. तिथे साधा दर लागायचा. हा तासांच्या मोजणीचा प्रश्न आहे, दराचा नाही. दोन्ही गोष्टी एकाच सूत्रात कोंबल्या की पुढे कुणालाच काही उलगडत नाही, म्हणून तास मोजायचा रकाना वेगळा आणि दराचा रकाना वेगळा ठेवा.

आम्ही शेवटी सूत्र असं केलं:

```
=ROUND(C2/208*2*H2, 2)
```

C2 मध्ये पुन्हा ठरलेला पगार, आणि गोलाई फक्त शेवटी एकदा. आधी दर पूर्ण रुपयांत आणून मग तासांनी गुणलं तर पैसे गळतात. १८,५०० पगाराच्या माणसाचा साधा दर ८८ रुपये ९४ पैसे निघतो. तो ८८ करून पुढे गेलो, तर दुपटीच्या सोळा तासांत त्याचे तीस रुपये जातात.

तुमच्याकडे काय चाललंय ते पाहायला शीट उघडायचीही गरज नाही. एक स्लिप घ्या. ओटीची रक्कम ओटीच्या तासांनी भागा आणि निम्मी करा, की साधा दर मिळतो. महिन्याच्या पूर्ण पगाराला त्या दराने भागा. फेटलिंगमधल्या त्या माणसाची जानेवारीची स्लिप अशी सोडवली, तर २,६८३.८७ भागिले १६ म्हणजे १६७.७४, निम्मे ८३.८७, आणि २०,८०० भागिले ८३.८७ म्हणजे २४८. आठने भागलं की ३१. तुमचं उत्तर २०८ च्या आसपास आलं तर ठीक. २४०, २४८ किंवा २२४ आलं तर रविवार आत शिरला आहे. आणि यांपैकी कुठलाच ओळखीचा आकडा न येता महिन्याला भलतंच काही येत असेल, तर बहुधा C2 मध्ये ठरलेल्या पगाराऐवजी मिळालेला पगार बसला आहे. ही तपासणी कामगार स्वतःही करू शकतो, आणि त्याने केली तर राग मानू नका.

मालक-व्यवस्थापकांनो, तुमच्याशी वेगळं बोलतो. मी हा विषय आमच्या साहेबांकडे नेला तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "किती वाढेल?" मी आकडा ठेवला. तीसच्या भाजकावरून २०८ वर आलं की ओटीचा खर्च १५ टक्क्यांच्या थोडा वर जातो, एकतीसवरून आलं तर १९ टक्क्यांच्या वर. हा खर्च मोठा आहे आणि मी तो लपवला नाही. ते म्हणाले, महिन्याच्या पगारात रविवारही येतो ना, मग तो का सोडायचा? मी म्हटलं, साहेब, रविवारचा पगार त्याला सहा दिवस काम केल्यामुळे मिळतो, तो त्या सहा दिवसांच्या कामाचाच भाग आहे. रविवार भाजकात घातला तर आपण त्याला सुट्टी दिली असंही म्हणतो आणि त्या सुट्टीत त्याने आठ तास काम केलं असंही धरतो. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून बदला. मागचं किती होतं तेही काढा."

मागचं काढायला मला तीन आठवडे लागले. जुन्या स्लिपा, ओटीची रजिस्टरं, मध्येच नोकरी सोडून गेलेली माणसं. आम्ही मागच्या एका वर्षाचा फरक दिला. त्याच्या आधीचा देता आला नाही, आणि ती गोष्ट मला आजही सलते. म्हणून तुम्हाला सांगतो, जितक्या लवकर शीट दुरुस्त कराल तितकं मागचं कमी साचेल.

माझी मागणी फार नाही. नेमणूकपत्रात किंवा वेतनकरारात भाजक स्पष्ट लिहा: महिन्याचे २०८ तास, किंवा तुमच्या ठरलेल्या तासांप्रमाणे जो येईल तो. पगाराच्या स्लिपवर ओटीच्या रकमेशेजारी ताशी दर छापा, म्हणजे विचारायला येणाऱ्या माणसाला उत्तर तिथेच मिळेल. आणि खाडा सव्वीसने कापत असाल, तर ओटीही त्याच आकड्याने द्या. खाड्याला एकतीसने भागत असाल तर ते कामगाराच्या फायद्याचं आहे. ते तसंच राहू द्या, फक्त ओटीचा भाजक सुधारताना "आता खाडाही सव्वीसने" असं म्हणून वसुली करू नका. कंत्राटदारांची माणसं असतील तर त्यांच्या पगारपत्रकाचीही हीच तपासणी करा. त्यांच्या स्लिपा तुमच्या टेबलावरून जात नसल्या, तरी ओटी ते तुमच्या भट्टीसमोर करतात.

एक हजाराच्या आत कामगार असलेल्या कारखान्यात पगार सात तारखेच्या आत करायची आपली जुनी सवय. या महिन्याची शीट तुम्ही एक-दोन तारखेला उघडाल. पंचिंगचे तास चढवण्याआधी ओटीच्या रकान्यात कर्सर ठेवा आणि वरच्या पट्टीत सूत्र वाचा. त्यात `DAY(EOMONTH` दिसलं तर आधी ते काढा, मग तास चढवा.

आपला,
एक निवृत्त टाइम कीपर
शिरोली, जि. कोल्हापूर